दोन कॉलच्या मधला तास कुणाचा?

यूपीएस, एसी, लिफ्ट, पाणी शुद्ध करणारी यंत्रं यांची देखभाल करणाऱ्या कंपन्यांत दिवसाचा हिशेब 'कॉल'मध्ये होतो. कॉल म्हणजे ग्राहकाकडची एक फेरी. संध्याकाळी सुपरवायझर विचारतो, "आज किती झाले?" तंत्रज्ञ म्हणतो, "तीन." सकाळी सव्वाआठला घर सोडून रात्री सव्वासातला परतलेल्या माणसाचा सगळा दिवस या 'तीन'मध्ये मावतो. तीन ग्राहकांकडे मिळून पावणेसहा-सहा तास काम झालेलं असतं. बाकीचे पाच तास कुठे गेले, हे त्याला ठाऊक असतं आणि त्याच्या घरच्यांना. कागदावर ते बहुतेक वेळा नसतातच.

या पाच तासांपैकी पगारी किती धरायचे, हा प्रश्न आता मोठ्या संख्येने लोकांना पडतो. घरी येऊन रक्ताचा नमुना नेणारे, रुग्णाला व्यायाम देणारे फिजिओथेरपिस्ट, सीसीटीव्ही बसवणारे, दिवसात दोन-तीन सोसायट्यांचे हिशेब तपासणारे, या सगळ्यांच्या कामाची जागा दिवसभर बदलत राहते. "गाडीवर बसला होतास, तेव्हा काम काय केलंस?" आणि "मी काय फिरायला गेलो होतो का?" ही दोन्ही वाक्यं अशा प्रत्येक कचेरीत कधी ना कधी ऐकू येतात. दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं, कारण दोघंही 'प्रवास' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी धरून बोलत असतात. घरून पहिल्या ग्राहकापर्यंतचा प्रवास वेगळा, दोन ग्राहकांमधला वेगळा आणि ग्राहकाच्या दारात ताटकळत काढलेला वेळ आणखी वेगळा. ते सुटे केले की वाद बराचसा मिटतो.

मधला प्रवास

सर्वांत सोपा भाग आधी. पहिल्या ग्राहकाचं काम संपवून दुसऱ्याकडे जायचं, तर तो प्रवास कामाचाच वेळ आहे. यावर जगभरात फारसा मतभेद नाही. कारण सरळ आहे. त्या पाऊण तासात माणूस घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, दुसऱ्या कुणाचं काम घेऊ शकत नाही. कुठे जायचं आणि किती वाजता पोचायचं हे कंपनीने ठरवलेलं असतं. वाटेत फोन आला, "तिकडे जाऊ नकोस, आधी औंधला जा," तर त्याला गाडी वळवावी लागते.

आपल्याकडच्या जुन्या कायद्यातही हीच कसोटी होती. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ मध्ये कामाचे तास म्हणजे नोकर मालकाच्या हुकमात असतो तो वेळ, त्यातून विश्रांती आणि जेवणाची सुट्टी वजा, अशी व्याख्या दिलेली होती. हातात पाना आहे की नाही, हा प्रश्न त्या व्याख्येत येत नाही. त्या कायद्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. तरी 'या वेळेवर हुकूम कुणाचा' ही फूटपट्टी आजही सर्वांत कामाची आहे. ती हातात असली की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मधला प्रवास वगळला की नेमकं काय बिघडतं, ते ब्रिटनमधल्या घरपोच सेवेच्या धंद्यात स्पष्ट दिसतं. तिथे वृद्धांना अंघोळ घालणं, जेवण देणं, औषधं देणं यासाठी मदतनीस घरोघर जातात. एकेक भेट अर्ध्या तासाची, कधी त्याहूनही लहान. अनेक कंपन्या फक्त भेटीच्या मिनिटांचे पैसे देत. एप्रिल २०२५ पासून तिथे २१ वर्षांवरच्या कामगारासाठी तासाला १२.२१ पौंड हे किमान वेतन ठरलं. समजा, एका मदतनिसाला भेटीच्या तासाला १५ पौंड मिळतात. वरवर पाहता दर चांगलाच आहे. दिवसात भेटी मिळून सहा तास भरले, म्हणजे ९० पौंड. पण एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात दोन तास गेले असतील, तर ९० ला आठाने भागावं लागतं. तासाला सव्वाअकरा पौंडच पडतात. कंपनीने कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी पैसे दिले, आणि दरपत्रकावर ते कुठेच दिसत नाही.

ब्रिटनच्या किमान वेतनाच्या नियमांत अशा दोन कामांमधला प्रवास हिशेबात धरावा लागतो. घरून पहिल्या कामावर जाणं आणि शेवटच्या कामावरून घरी येणं मात्र त्यात येत नाही. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायाधिकरणाने एका घरपोच सेविकेच्या खटल्यात दोन रुग्णांमधला प्रवास कामाच्या वेळेत मोजला.

आपल्याकडे 'प्रति कॉल इतके रुपये' या बोलीवर काम करणाऱ्यांना हाच भागाकार करून पाहता येतो. महिन्याची कमाई कॉलच्या तासांनी भागू नये. कॉल, मधला प्रवास आणि थांबणं यांच्या बेरजेने भागावी. येणारा आकडा आपल्या उद्योगाला लागू असलेल्या किमान वेतनाखाली गेला, तर दर कितीही आकर्षक दिसो, तो कमीच आहे. अर्थात हे नोकरीवर असलेल्यांसाठी. अ‍ॅपवरून स्वतंत्रपणे कामं घेणाऱ्याचं नातं कायद्याच्या नजरेत वेगळं असतं. त्याला हा भागाकार काम परवडतं की नाही हे ठरवायला उपयोगी पडेल, हक्क मागायला लगेच नाही.

घरापासून आणि घरापर्यंत

खरा वाद दिवसाच्या दोन टोकांना आहे. रोज शिवाजीनगरच्या कचेरीत जाणारा कारकून धायरीहून येवो की निगडीहून, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. कुठे राहायचं हे त्याने ठरवलं आणि कचेरी कुठे आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. पण ज्याची 'कचेरी' आज हडपसरला, उद्या चाकणला आणि परवा उरुळीला आहे, त्याचं काय?

या प्रश्नावर युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. स्पेनमध्ये टायको नावाची कंपनी चोरी रोखणाऱ्या यंत्रणा बसवायची. तिची प्रांतोप्रांती कार्यालयं होती. तंत्रज्ञ सकाळी कार्यालयात यायचे, गाडी आणि कामांची यादी घ्यायचे आणि तिथून त्यांचा दिवस सुरू व्हायचा. २०११ मध्ये कंपनीने ही कार्यालयं बंद केली. गाड्या तंत्रज्ञांच्या घरी उभ्या राहू लागल्या आणि दुसऱ्या दिवसाची यादी आदल्या संध्याकाळी मोबाइलवर येऊ लागली. पहिला ग्राहक कधीकधी शंभर किलोमीटरहून लांब असे. एका प्रसंगी गर्दीमुळे पोचायला तीन तास लागल्याची नोंद खटल्यात आहे. कंपनी म्हणाली, दिवस पहिल्या ग्राहकाच्या दारात सुरू होतो. आधीचा प्रवास ही तुमची विश्रांती.

न्यायालयाला हे पटलं नाही. कार्यालय होतं तेव्हा तिथून ग्राहकापर्यंतचा प्रवास कंपनी स्वतःच कामात धरत होती. कार्यालय बंद केल्याने प्रवासाचं रूप बदललं नाही, तो सुरू कुठून होतो एवढंच बदललं. ज्यांना कामाची ठरलेली जागाच नाही, त्यांचा घरून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास कामाचा वेळ आहे, असा निकाल लागला. माणसं वाटेत खासगी कामं उरकतील ही कंपनीची भीतीही न्यायालयाने ऐकून घेतली आणि सांगितलं, त्यासाठी देखरेखीची सोय करा.

या निकालाची सीमा मात्र लक्षात ठेवायला हवी. तो कामाचे तास आणि विश्रांती यांच्या युरोपीय नियमांखाली दिलेला आहे. माणसाला दिवसात किती राबवायचं, हे त्यातून ठरतं. त्या तासांचा मोबदला किती, हे न्यायालयाने ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं.

अमेरिकेच्या संघीय नियमांत दिलेलं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. रोज पाचला काम संपणाऱ्या माणसाला दुसरीकडे पाठवलं आणि तिथलं काम आठला संपलं. कंपनीने त्याला पुन्हा आवारात बोलावलं आणि तो नऊला पोचला, तर नऊपर्यंतचा वेळ कामाचा. तो तिथूनच घरी गेला, तर आठच्या पुढचा वेळ त्याचा स्वतःचा. रस्ता तोच असेल, अंतरही तेच असेल. फरक फक्त पुढे जाण्याचा हुकूम कुणाचा होता एवढाच.

आपल्याकडे घरच्या टोकाचा प्रवास सरसकट पगारी ठरवणारा नियम नाही. त्यामुळे इथे नेमणूकपत्र आणि कंपनीचं धोरणच बोलतं. दोन गोष्टी मात्र ताणून धरण्यासारख्या आहेत. पहिली अशी की सकाळी कचेरीत येऊन सुटे भाग घ्यायला सांगितलं असेल, तर दिवस कचेरीत सुरू होतो. तिथून पहिल्या ग्राहकापर्यंतचा प्रवास मधल्या प्रवासासारखाच मोजायचा. दुसरी गोष्ट तडजोडीची आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी चालते. घर ते कचेरी हा नेहमीचा वेळ बिनपगारी धरायचा आणि पहिला किंवा शेवटचा ग्राहक त्याहून लांब असेल, तर वरची मिनिटं कामात घ्यायची. यात कुणीच पूर्ण जिंकत नाही. पण धायरीच्या माणसाला रोज हिंजवडी देण्याचा मोह सुपरवायझरला होत नाही, कारण आता त्या मिनिटांना किंमत असते.

एका दिवसाचा हिशेब

आता एक दिवस मांडून पाहू. माणूस कल्पित आहे, रस्ते ओळखीचे आहेत. तंत्रज्ञ धायरीला राहतो. कंपनीची कचेरी शिवाजीनगरला आहे, पण तो घरूनच थेट ग्राहकाकडे जातो.

८:१५ ते ९:१० – घर ते हडपसर, बँकेची शाखा
९:१० ते ११:०० – काम
११:०० ते ११:५० – हडपसर ते कोथरूड, रुग्णालय
११:५० ते १:२० – काम
१:२० ते १:५० – जेवण
१:५० ते २:५० – कोथरूड ते हिंजवडी
२:५० ते ३:३० – गेट पाससाठी थांबला
३:३० ते ६:०० – काम
६:०० ते ७:१५ – हिंजवडी ते घर

प्रत्यक्ष काम ५ तास ५० मिनिटांचं झालं. मधला प्रवास १ तास ५० मिनिटं, गेटवर थांबणं ४० मिनिटं. तिन्हींची बेरीज ८ तास २० मिनिटं. घरच्या दोन टोकांचा प्रवास २ तास १० मिनिटं आणि जेवण अर्धा तास. सगळं मिळून बरोबर अकरा तास.

गेटवरची चाळीस मिनिटं काही सुपरवायझर कापतात. तो लवकर पोचला, यात कंपनीचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. पण हिंजवडीला साडेतीनच्या ठोक्याला पोचणं कुणाच्याच हातात नसतं. थोडा वेळ हाताशी ठेवून निघावंच लागतं. पोचल्यावर गेट सोडून कुठे जाता येत नाही. ही मिनिटं कंपनीच्याच हुकमातली आहेत. मधला खंड तीन तासांचा असता, त्या वेळात काय करायचं याचं बंधन नसतं आणि माणूस खरोखर घरी जाऊन आला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. खंड त्याला स्वतःसाठी वापरता येण्याजोगा होता का, हे पाहायचं. जेवणालाही हीच कसोटी. डबा उघडल्यावर तीन वेळा फोनवरून ग्राहकाला बटणं समजावून सांगावी लागली असतील, तर ती सुट्टी झालीच नाही.

आठवड्याचे सहाही दिवस असेच गेले असं धरू. फक्त प्रत्यक्ष काम मोजलं, तर आठवड्याला ३५ तास भरतात. सुपरवायझरला वाटतं, माणूस मोकळा आहे, अजून एक कॉल देता येईल. मधला प्रवास आणि थांबणं धरलं, तर ५० तास होतात. घरची दोन्ही टोकंही धरली, तर ६३.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि वरच्या कामाला दुप्पट दर आहे. वेतन संहिता, २०१९ मध्येही ओव्हरटाइमचा दर दुपटीहून कमी नसावा असंच सांगितलं आहे. या तंत्रज्ञाचा पगार महिना २०,८०० रुपये धरू. २६ दिवसांनी भागलं की दिवसाला ८०० आणि आठ तासांनी भागलं की तासाला १०० रुपये. ५० तासांच्या आठवड्यात ४८ च्या वरचे दोन तास ओव्हरटाइमचे, दर २०० रुपये, म्हणजे आठवड्याला ४०० रुपये. कंपनीने टोकांच्या प्रवासाची तडजोड मान्य केली असेल आणि धायरी ते शिवाजीनगर नेहमीचा वेळ ३५ मिनिटं धरला असेल, तर सकाळची २० आणि संध्याकाळची ४० मिनिटं वाढतात. रोज एक तास, आठवड्याचे ५६ तास, ओव्हरटाइम १,६०० रुपये.

महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसाला वाटतं, आपला पगार ठरलेला आहे, प्रवास मोजला काय आणि न मोजला काय. त्याच्यासाठी हा सगळा प्रश्न ४८ च्या रेषेपाशी येऊन उभा राहतो. प्रवास वगळला की तो त्या रेषेच्या कितीतरी खाली असतो. धरला की ओलांडतो.

पेट्रोल वेगळं, वेळ वेगळा

इथे बहुतेक कंपन्यांकडून उत्तर येतं, "प्रवासाचे पैसे देतोच की आम्ही." ते किलोमीटरमागे मिळणाऱ्या कन्व्हेयन्सबद्दल बोलत असतात. ती रक्कम पेट्रोल, टायर आणि गाडीची झीज यांची भरपाई आहे. ती खिशातून गेलेले पैसे परत करते. गाडीवर गेलेल्या तासाचं मोल तिच्यात नाही. हिंजवडीच्या चौकात अर्धा तास अडकलं, तर किलोमीटर वाढत नाहीत, तास मात्र वाढतो.

तिसरा हिशेब ग्राहकाच्या बिलाचा असतो, आणि तो या दोन्हींत मिसळू द्यायचा नाही. वार्षिक देखभालीच्या करारात फेरीचे पैसे आधीच धरलेले असतात, म्हणून ग्राहकाला प्रवासाचं वेगळं बिल लागत नाही. पण ग्राहकाला बिल लावलं नाही म्हणून माणसाचा तो वेळ बिनपगारी होत नाही. करार कंपनीने केला आहे, तंत्रज्ञाने नाही. उलटी चूकही होते. कोथरूड ते हिंजवडी हा प्रवास कोथरूडच्या ग्राहकाला 'परतीचा' म्हणून लावला जातो आणि हिंजवडीच्या ग्राहकाला 'जाण्याचा' म्हणून. एकच तास दोनदा विकला जातो. ग्राहकाकडे नेमका हिशेब असेल आणि त्याने तो मागितला, तर उत्तर देणं अवघड जातं. जो ग्राहक पुढे आहे त्याच्याकडे आधीचा प्रवास टाकायचा, हा एक नियम पाळला तरी हा गोंधळ टळतो.

नोंद कशी करायची

आता वही. मोबाइलवर असो की कागदावर, नोंद चुकते ती बहुतेक एकाच कारणाने. ती दिवसाच्या शेवटी आठवून लिहिली जाते, आणि बेरीज म्हणून लिहिली जाते: "प्रवास – २ तास." ही बेरीज कुणालाच तपासता येत नाही. म्हणून एकेक टप्पा एकेका ओळीत लिहायचा. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, कुठून कुठे, कुठल्या कॉलसाठी (तक्रार क्रमांक असेल तर तो), गाडीच्या मीटरचा आकडा आणि ही वेळ कशाची, म्हणजे काम, प्रवास, थांबणं, जेवण, घरचं टोक की खासगी. किती मिनिटं झाली हे लिहायचं नाही. वेळा लिहिल्या की मिनिटं कुणालाही काढता येतात. नुसत्या मिनिटांवरून वेळा काढता येत नाहीत.

या वहीचा सर्वांत भक्कम साक्षीदार तंत्रज्ञाच्या पिशवीत आधीपासूनच असतो. तो म्हणजे सर्व्हिस रिपोर्ट. त्यावर इन टाइम, आउट टाइम असतो आणि ग्राहकाची सही असते. बँकेच्या रिपोर्टवर आउट ११:०० आणि रुग्णालयाच्या रिपोर्टवर इन ११:५० असेल, तर मधली पन्नास मिनिटं दोन त्रयस्थांच्या सह्यांमध्ये बंदिस्त झाली. एरवी प्रवासाला साक्षीदार नसतो. इथे दोन मिळतात, तेही एकमेकांना न ओळखणारे. म्हणून त्या दोन रकान्यांत वेळ तिथेच, सही घेण्याआधी भरायची. रकाना कोरा ठेवून सही घेतली आणि वेळ घरी जाऊन भरली, तर सहीची किंमत शून्य. गेटवरच्या रजिस्टरमधली वेळ रिपोर्टवरच्या इन टाइमच्या आधीची असणारच. तो फरक म्हणजेच थांबण्याचा वेळ. हिंजवडीसारख्या ठिकाणी गेट पासचा फोटो काढून ठेवणं शहाणपणाचं आहे.

घाईत किंवा रात्री बसून भरलेली वही सहज ओळखू येते. सगळ्या वेळा पूर्ण तासाला किंवा अर्ध्या तासाला संपतात. हडपसर ते कोथरूडला सोमवारीही पन्नास मिनिटं लागतात आणि पावसाच्या शुक्रवारीही पन्नासच. मीटरचे आकडे नेहमी शून्यावर येऊन थांबतात. एका टप्प्याची पोचल्याची वेळ आणि पुढच्याची निघाल्याची वेळ यांत कधीच एक मिनिटाचीही फट नसते. खरी वही थोडी ओबडधोबड असते: ११:०३, ११:५२, मीटर २३,४१७. म्हणून मिनिटं पंधराच्या पटीत गोल करू नयेत. गोल करण्याचा नियम ज्याच्या हातात असतो, त्याच्याच बाजूला मिनिटं झुकत जातात.

काही कंपन्या प्रत्यक्ष वेळेऐवजी नकाशाच्या अ‍ॅपने दाखवलेला वेळ धरतात. तो तपासणीसाठी चांगला आहे, मोबदल्यासाठी नाही. अ‍ॅपने रात्री दहाला दाखवलेली चाळीस मिनिटं संध्याकाळी सहाच्या हिंजवडीला लागू पडत नाहीत. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, समजा पंधरा मिनिटांहून जास्त, तर त्या ओळीत कारण लिहायचं: पाऊस, अपघात, पंक्चर, मंत्र्यांचा ताफा. पंक्चरचा वेळही कामाचाच. वाटेत मुलीला शाळेतून घ्यायला वाकडी वाट केली, तर ती वेगळ्या ओळीत 'खासगी' म्हणून दाखवायची आणि तेवढीच वजा करायची. पन्नास मिनिटांचा प्रवास सत्तरचा झाला, तर वीस मिनिटं खासगी, पन्नास कामाची. संपूर्ण टप्पा रद्द करण्याचं कारण नाही. स्वतःहून दाखवलेली अशी एक ओळ बाकीच्या सगळ्या ओळींची विश्वासार्हता वाढवते.

जीपीएसवर चालणाऱ्या हजेरीच्या अ‍ॅपने ही मेहनत वाचते, पण सगळी नाही. तळघरातल्या यूपीएस रूममध्ये रेंज नसते, बॅटरी संपते, आणि माणूस गेटवर थांबला आहे की चहा पितो आहे हे अ‍ॅपला कळत नाही. ठिकाण अ‍ॅपने नोंदवावं. ती वेळ कशाची, हे माणसानेच लिहावं.

वेळांची ही नोंद आणखी एका ठिकाणी कामी येते. कामावर जाता-येताना झालेल्या अपघातांचे खटले कामगार भरपाईच्या कायद्याखाली वर्षानुवर्षं चालतात. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना रस्त्यात मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाची भरपाई मान्य केली ती २०२५ मध्ये. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध व्हायला हवा, असं त्या निकालात म्हटलं आहे. हा संबंध कागदावर दाखवायला टप्प्याटप्प्याची नोंद उपयोगी पडते. पण दोन प्रश्नांची गल्लत करू नये. वाटेतल्या अपघाताची भरपाई मिळू शकते, म्हणून ती वाट पगारी ठरत नाही. ते वेगळे कायदे आहेत आणि त्यांच्या कसोट्याही वेगळ्या आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेत थकलेल्या वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. म्हणून वही आणि सर्व्हिस रिपोर्टच्या प्रती दोघांनीही किमान तीन वर्षं ठेवाव्यात. दर शनिवारी आठवड्याची एक ओळीची बेरीज सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलने पाठवावी: काम इतके, मधला प्रवास इतका, थांबणं इतकं. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळते. सहा महिन्यांनी काढलेल्या बेरजेवर मात्र फक्त भांडण होतं.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तरी हे सगळं पाच वाक्यांत मांडता येतं. पहिल्या कॉलपासून शेवटच्या कॉलपर्यंतचा प्रवास कामाचा वेळ. ग्राहकाच्या दारात थांबणंही कामाचंच. घर ते कचेरीच्या नेहमीच्या वेळेहून जास्त लागला, तर वरचा वेळ कामाचा. कन्व्हेयन्स वेगळा, त्याचा या तासांशी संबंध नाही. नोंद त्याच दिवशी, टप्प्याटप्प्याने. ही वाक्यं नेमणूकपत्रात असली, तर सुपरवायझरला कॉल वाटताना रस्ता दिसतो: हडपसर, कोथरूड, हिंजवडी अशा उड्या मारायला लावण्याऐवजी तो एका भागातले तीन कॉल एका माणसाकडे देतो. मोजल्या न जाणाऱ्या प्रवासाची किंमत कुणालाच जाणवत नव्हती, म्हणूनच तो इतका वाढला होता.